मात्रा जमून आल्या, आर्या नाही अजून झालेली

छंदांच्या वर्गात आर्या शिकवून झाली की पहिला गृहपाठ ठरलेला असतो. विषय द्यायचा आणि दोन ओळींची एक आर्या लिहून आणायला सांगायची. नियम म्हणून मुलांच्या वहीत चार आकडे असतात: १२, १८, १२, १८. पहिल्या चरणात बारा मात्रा, दुसऱ्यात अठरा, तिसऱ्यात पुन्हा बारा, चौथ्यात पुन्हा अठरा. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. एवढ्यावर कुणीही आर्या लिहू शकेल असे वाटते आणि मुले लिहूनही आणतात. मात्रा मोजाव्यात तर बरोबर भरतात. मात्र मोठ्याने म्हणायला लागले की ओळ अडखळते, आर्येच्या चालीत बसत नाही. चूक कुठे आहे ते लिहिणाऱ्याला सापडत नाही, कारण बेरजेत चूक नसतेच.

चूक असते ती वाटणीत. आर्येच्या मात्रा सुट्या मोजायच्या नसतात, चारचारच्या गटांत मोजायच्या असतात. या गटाला गण म्हणतात. बारा मात्रांच्या चरणात असे तीन गण बसतात. अठरा मात्रांच्या चरणात चार गण आणि शेवटी एक गुरू. म्हणजे दोन चरणांची एक पूर्ण ओळ धरली तर सात गण आणि वर एक गुरू, अशा तीस मात्रा. गणांना पहिल्यापासून सातव्यापर्यंत क्रमांक द्यायचे. खरे नियम या क्रमांकांना लागू होतात, आणि शाळेत आकड्यांवरच थांबल्यामुळे ते बहुतेकांच्या कानावर आलेलेच नसतात.

चार मात्रा भरण्याचे प्रकार पाचच आहेत. लघूला ‘ल’ आणि गुरूला ‘गा’ म्हटले तर गागा, गालल, ललगा, लललल आणि लगाल. ‘गाडी’ हा गागा, ‘अंगण’ हा गालल, ‘पिशवी’ हा ललगा, ‘करवत’ हा लललल आणि ‘उशीर’ हा लगाल. यातले पहिले चार प्रकार बरोबर मधोमध दुभंगतात, दोन मात्रा अलीकडे आणि दोन पलीकडे. पाचवा दुभंगत नाही. त्यात एक मात्रा, मग दोन मात्रांचे जड अक्षर, मग पुन्हा एक मात्रा अशी रचना आहे आणि मधले जड अक्षर नेमके मध्यावर पसरून बसते. ‘यमाताराजभानसलगा’ पाठ असलेल्यांना तो ओळखीचा आहे. जभान, म्हणजे जगण.

आर्येचा सगळा डौल या एका जगणावर अवलंबून आहे. विषम जागी, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या गणात तो येता कामा नये. दुसऱ्या आणि चौथ्या गणात आला तर चालतो, नाही आला तरी चालते. सहाव्या जागी मात्र तो यावाच लागतो. या सहाव्या जागेला एकच पर्याय आहे, चार लघूंचा, आणि त्यालाही एक अट आहे. ती पुढे सांगतो. सम आणि विषम जागांचा हा भेद कानाला लगेच कळतो. विषम गण ठाम पावलासारखा पडतो आणि सम गणाला थोडे झुलायची मोकळीक असते. सहाव्या जागी ते झुलणे सक्तीचे होते आणि ओळ संपत आल्याची खूण ऐकणाऱ्याला मिळते.

आता एक गृहपाठ प्रत्यक्ष करून पाहू. विषय घेऊ चुकलेली गाडी. मनात पहिले वाक्य येईल ते असे:

उशीर झाला थोडा

मात्रा मोजा. उ एक, शी दोन, र एक. झा दोन, ला दोन. थो दोन, डा दोन. बारा. तरीही ही आर्या नाही, कारण पहिलाच गण ‘उशीर’, लगाल. शब्द फिरवून ‘झाला थोडा उशीर’ केले तर मात्रा बाराच राहतात आणि जगण तिसऱ्या जागी जाऊन बसतो. तेही चालत नाही. ‘झाला उशीर थोडा’ म्हणा. आता जगण दुसऱ्या गणात आला आणि आर्येची चाल लागली. शब्द तेच, मात्रा त्याच, अर्थही तोच, आणि तीन मांडण्यांतल्या एकाच मांडणीला आर्येचा चरण म्हणता येते. नवख्या माणसाने हे तीन चरण एकापाठोपाठ एक, प्रत्येक गणाच्या सुरुवातीला टाळी देत म्हणून पाहावेत. पहिल्या मांडणीत पहिली टाळी ‘उ’सारख्या हलक्या अक्षरावर पडते आणि ‘शी’चा सगळा भार टाळीनंतर येतो. कान तिथेच नापसंती कळवतो.

मराठी लिहिणाऱ्याला या नियमाचा काच जास्त जाणवतो, कारण आपल्या भाषेत जगण पावलोपावली भेटतो. करून, बघून, निघून ही रूपे जगण आहेत. घरात, मनात, वनात हे जगण आहेत. वाक्य जोडायला आपण जे शब्द वापरतो ते म्हणून, परंतु, तथापि, हेही जगणच. त्यामुळे ‘म्हणून’ किंवा ‘परंतु’ या शब्दाने आर्येची सुरुवात करताच येत नाही. गोष्ट सांगणाऱ्या कवीला ही केवढी अडचण! बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘आर्याभारता’त सगळे महाभारत आर्येत सांगितले आहे. ते वाचताना शब्दांचा क्रम गद्यापेक्षा फार उलटसुलट वाटतो. त्यामागे यमकाची ओढ असतेच, पण जगणाला त्याच्या जागी नेऊन बसवणे हेही एक कारण असते, हे स्वतः चार ओळी रचल्याशिवाय लक्षात येत नाही. काचाला दुसरी बाजूही आहे. सहाव्या जागी जगण हवाच असतो, आणि तिथे आपली भाषा शब्दांचा ढीग पुढे करते.

गणाचा आणखी एक नियम नवख्यांना फसवतो. एका गणाच्या चार मात्रा पूर्ण व्हायला एकच मात्रा उरली असेल आणि पुढचे अक्षर गुरू असेल, तर ते अक्षर अर्धे या गणात आणि अर्धे पुढच्या गणात घालता येत नाही. ‘गाव दूर ते माझे’ या चरणात मात्रा बारा आहेत. पण गा दोन, व एक, झाल्या तीन, आणि चौथी मात्रा मागायला गेलो तर ‘दू’ दोन मात्रा घेऊन उभा. गण तुटला. ‘ते दूर गाव माझे’ असे म्हटले की ‘ते दू’, ‘र गाव’, ‘माझे’ असे तीन स्वच्छ गण पडतात. मधला जगण, पण दुसऱ्या जागी, म्हणून चालतो. शब्द कुठे तुटतो याला इथे महत्त्व नाही. ‘दूर’मधला र पुढच्या गणात गेला तरी हरकत नसते. अक्षर मात्र तुटता कामा नये.

चुकलेल्या गाडीकडे परत येऊ. ‘झाला उशीर थोडा’ नियमात बसतो, पण विषयाला जरा दुरून हात लावतो. थेट गाडीवरच जाऊ:

गाडी सुटून गेली

गाडी, सुटून, गेली. गागा, लगाल, गागा. बारा मात्रा आणि जगण दुसऱ्या जागी. पुढच्या चरणात अठरा मात्रा हव्यात आणि सुरुवात करताना सहाव्या गणाचा शब्द आधी ठरवावा. ही युक्ती फार उपयोगी पडते, कारण सक्ती तिथेच आहे आणि बाकीची जुळवाजुळव तिच्याभोवती करता येते. गाडीच्या संसारातले जगण आठवा: फलाट, रुळात, तिकीट. ‘तिकीट’ घेऊ. चुकलेल्या गाडीचे तिकीट हातातच राहते, म्हणून:

हाती उरले तिकीट गावाचे

हाती, उरले, तिकीट, गावा, आणि शेवटचा चे. गागा, ललगा, लगाल, गागा, गा. मोजा: चार, चार, चार, चार, दोन. अठरा. पाचव्या आणि सातव्या गणात जगण नाही, सहाव्यात आहे.

दुसरी ओळ आता यमकात बांधली गेली. ‘गावाचे’शी जुळणारा शब्द ‘नावाचे’ पटकन सुचतो आणि तिकिटावर गावाचे नाव छापलेले असते, म्हणजे अर्थालाही वाट आहे. तिसरा चरण ‘शिट्टी विरून जाता’ असा करता येईल. शिट्टीतला शि ऱ्हस्व असला तरी पुढच्या ‘ट्टी’चा त्याच्यावर आघात येतो, म्हणून तो गुरू. शिट्टी चार, विरून चार, जाता चार. चौथ्या चरणाचा पहिला मसुदा असा होऊ शकतो:

झाले अक्षर अंधुक नावाचे

झाले चार, अक्षर चार (अ वर क्षचा आघात, म्हणून दोन; मग क्ष आणि र एकेक), अंधुक चार, नावा चार, चे दोन. अठरा भरल्या. अर्थही छान आहे. पण सहावा गण ‘अंधुक’, म्हणजे गालल. म्हणून पाहिले तर ओळ सपाट चालत राहते आणि ‘नावाचे’ अचानक येऊन आदळते, कारण शेवटाआधीचे ते झुलणेच नाही. गृहपाठाच्या वह्यांत सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक हीच असते.

दुरुस्तीला बसलो की पहिला मोह भरतीच्या अक्षरांचा होतो. ‘अंधुक झाले ठसेच नावाचे’ असे केले तर ‘ठसेच’ जगण होतो आणि नियम पाळला जातो. पण त्या ‘च’चे तिथे काही काम नाही, तो केवळ मात्रा भरायला आला आहे. च, ही, की, तो, हे, बा ही अक्षरे आर्या लिहिणाऱ्याच्या हाताशी कायम असतात आणि ओळीत ती तीनदा दिसली की रचना ढिली पडली असे समजावे. मी स्वतः अशा ठिकाणी शब्द बदलणे पसंत करतो. अंधुक, धूसर, पुसट हे तिन्ही शब्द सहाव्या जागी निकामी आहेत. पहिले दोन गालल आहेत आणि पुसटला तीनच मात्रा आहेत. ‘उदास’ मात्र नेमका लगाल आहे. तो आला की बाकीचे दोन शब्द जागा बदलून सरळ बसतात:

गाडी सुटून गेली, हाती उरले तिकीट गावाचे;
शिट्टी विरून जाता, अक्षर झाले उदास नावाचे.

‘अंधुक’ने केवळ दिसणे सांगितले असते. ‘उदास’ने ते तिकीट हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचे मन अक्षरावर चढवले. हा अर्थ आधी मनात नव्हता, सहाव्या गणाच्या अटीने तो शोधायला लावला. वृत्तात लिहिण्याविषयी मला जे प्रेम आहे ते बरेचसे अशा जागांमुळे आहे.

मात्रा मोजतानाची एक अडचण खास मराठीची आहे. जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते हे सगळ्यांना पाठ असते, पण ते आघात आला तरच होते. ‘सत्य’मधला स गुरू आहे. ‘तुझ्या’मधला तु, ‘दुसऱ्या’मधला स, ‘पिवळ्या’मधला व मात्र लघूच राहतात, कारण बोलताना त्यांच्यावर जोर येत नाही. या भेदाची कसोटी पाहायची तर ‘पुण्याला’ हा शब्द घ्या. पुणे शहराला जायचे असेल तर पु लघू आणि शब्दाच्या मात्रा पाच. पाप-पुण्यातल्या पुण्याला म्हणायचे असेल तर पु गुरू आणि मात्रा सहा. कागदावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. म्हणून डोळ्यांनी मोजणारा इथे फसतो आणि तोंडाने म्हणून मोजणारा तरतो. जुन्या छापील पुस्तकांतल्या अनुस्वारांचेही असेच. ‘सुगंध’मधला अनुस्वार उच्चारला जातो, म्हणून गं गुरू. जुन्या पद्धतीने छापलेल्या ‘हंसला’मधला अनुस्वार उच्चारात नाही, म्हणून हं लघूच.

उलट शब्दाच्या शेवटच्या अकाराबाबत तोंडाचे ऐकून चालत नाही. बोलताना आपण ‘तिकीट्’ म्हणतो, शेवटचा अ गिळतो. आर्येत तो ट पूर्ण एक मात्रा घेतो आणि म्हणतानाही त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. तो गिळला की जगण दिसेनासा होतो.

संस्कृत शिकणाऱ्या मुलांचा इथे एक रास्त आक्षेप असतो. त्यांच्या पुस्तकात आर्येचे आकडे १२, १८, १२, १५ असे दिलेले असतात. दोन्ही बरोबर आहेत. संस्कृत आर्येच्या दुसऱ्या ओळीत सहाव्या गणाच्या जागी एकच लघू येतो, म्हणून तीन मात्रा कमी होऊन ओळ सत्तावीसची होते. दोन्ही ओळी तीस मात्रांच्या असल्या तर संस्कृतात तिला गीती म्हणतात, आणि मोरोपंतांची, म्हणजे आपण मराठीत जिला आर्या म्हणतो ती, मुळात ही गीती आहे. आपल्या चौथ्या चरणाला संस्कृत आर्येचे माप लावायचे तर तो असा होईल:

कोणी दिसले न गावाचे

कोणी, दिसले, मग एकटा न, मग गावा, चे. चार, चार, एक, चार, दोन. पंधरा. म्हणताना ‘न’वर जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसे होते. संस्कृतात हीच अपेक्षित चाल आहे. ईश्वरकृष्णाची ‘सांख्यकारिका’ आणि आर्यभटाच्या ‘आर्यभटीया’चा बहुतेक भाग आर्येत आहे. गणित आणि तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांना ती सोयीची पडली याचे कारण त्या पाच प्रकारच्या गणांत आहे. अक्षरांची संख्या आणि लघू-गुरूंचा क्रम बांधलेल्या वृत्तात पारिभाषिक शब्द बसवणे कठीण, आर्येत मात्र बहुतेक शब्दांना कुठे ना कुठे जागा मिळते. महाराष्ट्री प्राकृतात हीच रचना ‘गाहा’ किंवा गाथा या नावाने येते. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तल्या गाथांचे माप हेच आहे. म्हणजे मोरोपंतांच्या कित्येक शतके आधी गोदाकाठच्या लोकांच्या कानाला हा सहावा गण सवयीचा होता.

राहिली ती चार लघूंची अट. सहाव्या जागी जगणाऐवजी चार लघू घ्यायचे असतील तर पहिल्या लघूपाशी शब्द संपला पाहिजे आणि दुसऱ्या लघूपासून नवा शब्द सुरू झाला पाहिजे. ही अट विचित्र वाटते, पण जगणाची घडण लक्षात ठेवली तर तिचे कारण दिसते. सहाव्या जागी हवे आहे मधोमध न दुभंगणारे काही तरी. चार सुटे लघू आपोआप दोन-दोन असे दुभंगतात. पहिल्यानंतर शब्द तोडला की ते एक आणि तीन असे पडतात आणि जगणाचे झुलणे परत मिळते. उदाहरण पाहा:

गाडीची वाट बघत बसलेले

गाडी, ची वा, ट बघत, बसले, ले. सहावा गण ‘ट बघत’. ट पाशी ‘वाट’ शब्द संपतो, ‘बघत’ नव्याने सुरू होतो. मोठ्याने म्हटले की ट मागच्या शब्दाला चिकटतो आणि ओळ हवी तशी झुलते. आता त्याच्या शेजारी हा चरण ठेवा:

गाडी सुटली नकळत सगळ्यांच्या

गाडी, सुटली, नकळत, सगळ्यां, च्या. ‘सगळ्यां’मधला ग आघात न आल्याने लघू, म्हणून इथेही मात्रा अठराच आहेत आणि सहाव्या जागी चार लघूही आहेत. पण ‘नकळत’ हा अखंड शब्द आहे. तोंडात तो ‘नक’ आणि ‘ळत’ असा दोन-दोन पडतो, आणि ओळ शेवटाकडे वळायच्या आधीच सपाट होते. हा चरण शिक्षकाने परत करावा आणि मात्रांच्या बेरजेखाली बरोबरची खूणही करावी.